आजीचा जबाब कसा लिहावा

(सोनारी येथील दोन दिवसांच्या शिबिरात वनहक्क समितीच्या लिहिणाऱ्या मुलामुलींपुढे केलेले भाषण. स्टेन्सिल कापताना थोडे आटोपशीर केले आहे. काय गाळले ते शेवटी सांगितले आहे, कारण विषयच तो आहे.)



काल रात्री जेवताना एका पोराने विचारले, जबाब लिहायला काय शिकायचं असतं? म्हातारं माणूस बोलतं, आपण लिहायचं. आम्हालाही आधी असंच वाटायचं. म्हणून पहिल्यांदा आमचीच चूक सांगतो.

पहिल्या खेपेला आम्ही तीन गावांतले जबाब घेतले. तीन म्हातारी माणसं, तिघांची बोली वेगळी, तिघांचं आयुष्य वेगळं. आम्ही बारावी झालेले. वाटलं, साहेबांपुढे कागद जाणार, तर भाषा शुद्ध पाहिजे. मग तिघांच्याही जबाबात लिहिलं, ‘सदर जमिनीवर आमच्या कुटुंबाचा वंशपरंपरागत ताबा व वहिवाट आहे.’ अक्षर सुंदर, कागद स्वच्छ. चौकशीच्या दिवशी त्यातल्या एका बाबाला समोर बसवून विचारलं, ‘बाबा, वहिवाट म्हणजे काय हो?’ बाबा गप्प. ‘तुम्हीच म्हणालात ना, इथं लिहिलंय.’ बाबा म्हणाले, ‘म्या न्हाई म्हणलो असं.’ खरं बोलले ते. ते असं म्हणालेच नव्हते. मग बाकीचे दोन कागद काढले गेले, तिन्हींत तेच वाक्य. एकाने लिहून दिलंय आणि सगळ्यांचे अंगठे घेतलेत, असा शेरा पडला. बाबा चाळीस वर्षं कसत होते ते खोटं नव्हतं. खोटा आमचा कागद होता.

तर जबाब म्हणजे काय, ते आधी पक्कं करू. वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम २००८ पासून लागू झाले. त्यातला नियम १३ पुराव्याबद्दल आहे. त्यात सरकारी कागद, नकाशे, पावत्या असं बरंच काही आहे, आणि त्याच यादीत एक पुरावा असाही आहे की दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांचं सांगणं लिहून काढलेलं चालतं. दोन शब्द ध्यानात ठेवा. एक, दावेदार सोडून. म्हणजे माझ्या दाव्याला माझ्याच आईचं सांगणं नको, ती दावेदार असेल तर. दुसरा, लिहून काढलेलं. सांगणं तिचं, लिहिणं आपलं. या दोहोंच्या मधे जी जागा आहे, तिथेच सगळी गडबड होते. दावे बघताना एकापेक्षा जास्त पुरावे विचारात घ्यायचे असतात, त्यामुळे नुसत्या जबाबावर दावा उभा राहत नाही. पण ज्याच्याकडे पावती नाही, दंडाची पावतीसुद्धा नाही, त्याला दोन पायांतला एक पाय हाच असतो.

आता बोलणं जसंच्या तसं लिहिलं तर काय होतं? आमच्याकडं एका आजीचा जबाब आहे. तिला विचारून, नाव गाव काढून, इथं वाचतो. मोबाईलमध्ये भरलेला होता. तो आधी शब्दन् शब्द उतरवला, अडखळणंसुद्धा. तासाभराचं बोलणं असं उतरवायला चार-पाच तास लागतात, तेवढी भाकर बांधून बसा. आजी म्हणते:

‘आता बघ, ते हे... आमचा आजा, म्हंजी ह्यांचा आजा, तो त्या माळाला आला. गावात पटकी आली हुती म्हणे, म्हून. मी काय बघितलं न्हाई. मी लगीन... लगीन हून आले ते दुस्काळाच्या आधी, न्हाई, दुस्काळातच की, सुकडी खाल्ली ना म्या हितं. तवा सासरा पेरत हुता. वढ्याच्या, वढ्याच्या अलीकडं. पलीकडं त्येचा मोठा भाऊ. दोन दोन पायल्या पेरायचे. मग ते फारेस्टवाले आले अन्... जाऊ दे. आं, काय म्हणत हुते? हां. भूकंपाच्या साली झोपडं मोडलं, पर पेरणी न्हाई मोडली. कधीच न्हाई, कधीच न्हाई मोडली. जळणबिळण, सीताफळं, डिंक, ते आपलं आणायचोच की.’

ऐकताना सगळं कळतं. कारण आजी समोर आहे, हात ओढ्याकडं करते, तोंडावर सगळं दिसतं. कागदावर हात नाही, तोंड नाही. कागदावर हेच वाचलं तर वाचणारा पहिल्या ओळीतच अडकतो, आणि वाचणारा आपल्या बाजूचा नसेल तर म्हणतो, बाईला काही आठवत नाही. म्हणून साफ करायचं. आजी अडाणी आहे म्हणून नाही. मंत्र्याचं भाषण जसंच्या तसं उतरवा, त्यातही असंच निघेल. आमचं हे भाषणसुद्धा उतरवून बघा.

पण साफ करायचं म्हणजे काय काढायचं? पोरं म्हणतात, सोपंय, फालतू शब्द काढायचे, अर्धवट वाक्यं काढायची, दोनदा आलेलं एकदा ठेवायचं. एका पोराने आजीचा जबाब तसा केला. तोही वाचतो, म्हणजे कळेल:

‘आमचे आजोबा पटकीच्या साथीमुळे माळावर येऊन स्थायिक झाले. दुष्काळापूर्वी माझे लग्न झाले. त्या वेळी माझे सासरे ओढ्याच्या अलीकडे व पलीकडे दोन पायल्या पेरत होते. भूकंपात झोपडे मोडले, परंतु पेरणी चालू राहिली. आम्ही जळण, सीताफळे व डिंक आणत होतो.’

वाचायला किती छान. आणि यात सहा चुका आहेत. पोरगं हुशार आहे, म्हणून सहाच.

पहिली चूक आजाची. आजी ‘आमचा आजा’ म्हणाली आणि लगेच सुधारलं, ‘म्हंजी ह्यांचा आजा’. बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, ‘ह्यांचा’ म्हणते. म्हणजे तिचा आजेसासरा. पोराला वाटलं, एकच गोष्ट दोनदा बोलली, म्हणून पहिलं ठेवलं आणि दुसरं काढलं. झालं काय? जमीन आजीच्या माहेरच्या आजोबाची झाली. पिढ्यांची साखळी दुसऱ्याच घरात गेली. जे आदिवासी नाहीत पण पिढ्यानपिढ्या जंगलावर जगतात, त्यांना तर तीन पिढ्या, म्हणजे १३ डिसेंबर २००५ च्या आधीची ७५ वर्षं, रहिवास दाखवावा लागतो. तिथं एक आजा बदलला की सगळं कोसळतं. म्हणून पहिला नियम असा धरा. माणूस बोलता बोलता थांबून दुसरं बोललं, तर बहुतेक वेळा दुसरं खरं असतं. पहिलं अडखळणं, दुसरं सुधारणा. काढायचं तर पहिलं काढा.

हीच चूक दुसऱ्यांदा दुष्काळाच्या वाक्यात. ‘दुस्काळाच्या आधी, न्हाई, दुस्काळातच की.’ हा ‘न्हाई’ नीट ऐका. आपल्या बोलीत ‘नाही’ तीन कामं करतं. ‘मी बघितलं न्हाई’ यातलं नकार आहे, ते कधीच काढायचं नाही. ‘आधी, न्हाई, दुस्काळातच’ यातलं मागचं खोडणारं आहे, म्हणजे आजीने आपल्याच हाताने रेघ मारली. तिसरं, ‘खरं हाय, न्हाई का?’ हे नुसतं हुंकार मागणारं. तिसरं काढा. दुसरं काढा, पण त्याने जे खोडलं तेही सोबत काढा. पोराने खोडणारा शब्द काढला आणि खोडलेलं ठेवलं. वर ‘सुकडी खाल्ली’ हेही फालतू म्हणून काढलं! अरे, तीच तर खूण होती. आपल्या भागात दुष्काळ काय एकच झाला? १९७२ च्या दुष्काळात सुकडी वाटली, म्हणून सुकडी म्हटलं की कुठला दुष्काळ ते कळतं. म्हाताऱ्या माणसांकडं तारीख नसते, त्यांच्याकडं सुकडी असते, भूकंप असतो, भैरवनाथाची जत्रा असते. त्या खुणा जबाबात जशा आहेत तशा ठेवायच्या आणि साल आपण चौकटी कंसात लिहायचं. म्हणजे वाचणाऱ्याला दिसतं, की सुकडी आजीची आणि १९७२ लिहिणाऱ्याचं. भूकंपाचंही तसंच. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ चा. आजी तारीख बोलली नाही, म्हणून तारीख कंसात.

तिसरी चूक सगळ्यात बारीक, आणि आमच्या मते सगळ्यात वाईट. ‘पटकी आली हुती म्हणे.’ पोराने ‘म्हणे’ काढलं. त्याच्या वहीत ‘म्हणे’, ‘म्हंजी’, ‘बघ’, ‘ते आपलं’ अशी एकच यादी होती, सगळे भरतीचे शब्द. ‘बघ’ भरतीचा आहे, कबूल. ‘ते हे’ भरतीचं आहे. ‘म्हणे’ नाही. मराठीत ‘म्हणे’ म्हणजे मी बघितलं नाही, ऐकलं. एवढा मोठा अर्थ दोन अक्षरांत. ते काढलं की आजी साक्षीदार होते पटकीची, जी तिच्या जन्माआधी येऊन गेली. उद्या कुणी विचारलं, आजी तुम्ही पटकी बघितली का? ती म्हणणार, न्हाई. संपलं. मग तिने डोळ्याने बघितलेली पेरणीसुद्धा कुणी खरी मानत नाही. आणि उलटंही ध्यानात घ्या. ऐकलेलं कमी दर्जाचं आहे म्हणून लपवायचं कारण नाही. जुन्या पिढीची गोष्ट सांगणारं आता जिवंत कोण आहे? ‘सासू सांगायची’, ‘आजा म्हणायचा’ याच वाटेने ती आपल्यापर्यंत येते. फक्त कुणाकडून ऐकलं ते विचारून ठेवा. ‘म्हणे’ कुणाचं, सासूचं का गावचं?

‘म्हणे’सारखे आणखी शब्द आहेत. ‘असंल’, ‘बहुतेक’, ‘वाटतं’, ‘आसपास’. हे शब्द म्हणजे किती खात्री आहे त्याचं माप. ‘पाच एकर असंल’ आणि ‘पाच एकर’ यात फरक आहे. मोजणीत साडेचार निघाली तर ‘असंल’ म्हणणारी आजी खरी ठरते, आणि ‘असंल’ काढलेला कागद खोटा ठरतो. पण ‘म्हंजी’ कधी भरतीचा, कधी नाही, हे आजाच्या वाक्यात बघितलंच. म्हणून शब्दांची यादी करून काट मारत जाऊ नका. वाक्य मोठ्याने वाचा, एकदा तो शब्द घालून, एकदा काढून. अर्थ हलला तर तो भरतीचा नाही.

चौथी चूक पायल्यांची. यात आम्हीसुद्धा फसलो होतो, पोराला काय बोलावं. आजीने ‘वढ्याच्या, वढ्याच्या अलीकडं’ म्हटलं. तो शब्द दोनदा आला तो अडखळून, एक काढला, बरोबर. त्याच झोकात ‘दोन दोन पायल्या’चं ‘दोन पायल्या’ केलं. आता बघा. ‘दोन दोन’ म्हणजे प्रत्येकी दोन. सासरा दोन पेरायचा, त्याचा भाऊ दोन पेरायचा. रानं दोन, मिळून चार पायल्या. पोराने सासऱ्यालाच ओढ्याच्या दोन्ही बाजूंना उभं केलं, भावाला गायब केलं, वर पेरा निम्मा केला. आज त्या भावाच्या नातवाचा दावा पलीकडच्या रानावर आहे. त्याचा पुरावा आजीच्या या एका वाक्यात होता. म्हणजे हीच पाचवी चूक.

आपल्या भाषेत शब्द दोनदा येतो तो पुष्कळदा मुद्दाम येतो. ‘दोन वर्षांनी’ आणि ‘दोन दोन वर्षांनी’ एक नाही. एकात एकदा झालं, दुसऱ्यात परत परत होत गेलं. ‘घरी पोचले’ आणि ‘घरोघरी पोचले’ एक नाही. ‘पेरत पेरत वर सरकलो’ यात रान हळूहळू वाढलं हे आहे. मग ओळखायचं कसं? कानाने. अडखळलेला शब्द दोनदा येतो तेव्हा मधे थांबा असतो, दुसऱ्यांदा आवाज नव्याने लागतो. मुद्दाम आलेला शब्द जोडून येतो, एका श्वासात. म्हणून शब्दन् शब्द उतरवतानाच थांबा दाखवायला तीन टिंबं द्या आणि जोडून आलेले जोडून लिहा. नंतर कागदावरून ते कळत नाही, मोबाईल परत ऐकावा लागतो. आणि मोबाईलमधलं बोलणं पुसू नका. जागा नाही म्हणून पोरं गाणी ठेवतात आणि आजी पुसतात.

‘कधीच न्हाई, कधीच न्हाई’ हे तिसऱ्याच जातीचं. हे अडखळणं नाही आणि प्रत्येकीही नाही. ते जोर देणं आहे. इथं आमच्यात वाद झाला. काहींचं म्हणणं, जोर आहे तर ठेवा. आम्हाला वाटतं, ‘कधीच’ मधला ‘च’ राहिला की अर्थ पूर्ण राहतो, एकदा लिहिलं तरी चालतं. पण पोराने ‘पेरणी चालू राहिली’ केलं, त्यात जोरही गेला आणि नकारही गेला. ‘कधीच मोडली नाही’ म्हणजे एकही साल नाही. ‘चालू राहिली’ म्हणजे मधे एखादं साल पडीक असलं तरी चालतं. वहिवाट मोडली का, हाच तर प्रश्न असतो.

गाण्याची गोष्ट वेगळी, ओघात आली म्हणून सांगतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाच्या वर. ओवीत बाई ओळ परत म्हणते ती जात्याच्या फेऱ्यासाठी. तिथं परत आलेली ओळ काढली तर गाणंच उरत नाही. जबाबात कुणी आजी ओवी म्हणाली तर ती साफ करायला जाऊ नका.

सहावी चूक ‘जळणबिळण’. पोराने ‘जळण’ लिहिलं, ‘बिळण’ला अर्थ नाही म्हणे. अर्थ आहे. ‘बिळण’ म्हणजे जळण आणि तसलंच आणखी काही. चारा असेल, पाला असेल, शेण्या असतील. गौण वनउपज हा कायद्यात वेगळा हक्क आहे, सामूहिक दाव्यात त्याची यादी जाते. ‘बिळण’ गेलं की यादीतली अर्धी चीज गेली. पण त्याच्या जागी आपल्या मनाने ‘चारा व पाला’ लिहायचं नाही. लिहायचं ‘जळण आणि तसलंच इतर’, आणि परत जाऊन विचारायचं, आजी, बिळणात काय काय?

झाल्या सहा. आणखी एक गोष्ट आहे जी पोराने काढली आणि चूक म्हणून आम्ही धरली नाही, कारण तिचं काय करायचं ते आम्हालाही लगेच कळलं नाही. ‘मग ते फारेस्टवाले आले अन्... जाऊ दे.’ हे अर्धवट वाक्य आहे. अर्थ लागत नाही, म्हणून काढलं. पण आजी तिथं अडखळली नव्हती. ती थांबली होती. शब्द न सापडून थांबणं आणि शब्द असूनही थांबणं, या दोन गोष्टी आहेत. पहिलं काढा. दुसरं काढायचा हक्क आपल्याला नाही, आणि भरायचाही नाही. ‘फॉरेस्टवाले आले आणि मारहाण केली’ असं आमच्यातल्याच एकाने लिहिलं होतं. झालंही असेल. पण आजी ते बोलली नाही. मग काय करायचं? टिंबं द्या, चौकटी कंसात लिहा की इथं बोलणं थांबवलं, आणि एकटीला गाठून विचारा. तिथं चार माणसं बसली होती, पुरुष होते. तिला सांगायचं असेल तर सांगेल. नसेल तर तिने म्हटलं तर ती ओळसुद्धा काढायची.

पोराने जे घातलं तेही बघा. ‘स्थायिक झाले.’ आजी म्हणाली, ‘आला.’ कायदा रहिवास विचारतो, म्हणून आपल्याला ‘स्थायिक’ लिहायची घाई होते. पण साफ करणं म्हणजे काढणं, घालणं नाही. कायद्याचे शब्द लिहायला दाव्याचा अर्ज आहे. वैयक्तिकाला नमुना अ, सामूहिकाला नमुना ब. तिथं ‘ताबा’ लिहा, ‘वहिवाट’ लिहा, हवं ते लिहा. जबाबात ‘आला’, ‘पेरत होता’, ‘माळ’, ‘ओढा’. उच्चार सोपा केला तर चालेल, ‘वढा’चं ‘ओढा’ केलं तर अर्थ बदलत नाही. ‘माळा’ची ‘वनजमीन’ केली तर बदलतो, कारण मग ती जमीन वनखात्याची हे आजीच्याच तोंडून कबूल करून घेतल्यासारखं होतं.

आमच्या पारध्यांच्या वस्तीवर, किंवा भिल्लांच्या, कोरकूंच्या गावात, म्हातारं माणूस मराठीत बोलतच नाही. तिथं आधी त्याच्या भाषेत उतरवायचं, देवनागरीत जमेल तसं. मग मराठी करायचं, आणि मराठी कुणी केलं त्याचं नाव खाली लिहायचं. ऐकता ऐकता थेट मराठीत लिहिलं तर साफ करणं आणि भाषा बदलणं एकदम होतं, आणि चूक कुठली ते नंतर सापडत नाही.

एक गोष्ट राहिली, प्रश्नांची. साफ प्रतीत आपण आपले प्रश्न काढून टाकतो, जबाब सलग दिसावा म्हणून. बहुतेक वेळा चालतं. पण समजा आपण विचारलं, ‘आजी, १९७२ पासून कसता ना?’ आणि ती म्हणाली, ‘हो.’ मग प्रश्न काढून ‘मी १९७२ पासून कसते’ लिहिलं, तर ते साल तुमचं आहे, तिचा फक्त ‘हो’ आहे. असं असेल तिथं प्रश्न ठेवाच. त्याहून बरं म्हणजे असा प्रश्नच विचारू नका. ‘तुम्ही आलात तेव्हा काय चाललं होतं?’ असं विचारा. सुकडी आपोआप येते.

आता आम्ही केलेली साफ प्रत:

‘माझा आजेसासरा, नवऱ्याचा आजा, त्या माळाला आला. गावात पटकी आली होती म्हणून आला, असं म्हणतात. मी ते बघितलेलं नाही. मी लग्न होऊन आले ते दुष्काळातच, सुकडी मी इथं खाल्ली [१९७२ चा दुष्काळ]. तेव्हा सासरा ओढ्याच्या अलीकडं पेरत होता, पलीकडं त्याचा मोठा भाऊ. दोन दोन पायल्या पेरायचे. मग ते फॉरेस्टवाले आले अन्... [इथं बोलणं थांबवलं]. भूकंपाच्या साली [१९९३] झोपडं मोडलं, पण पेरणी कधीच मोडली नाही. जळण आणि तसलंच इतर, सीताफळं, डिंक आणायचो.’

पोराच्या प्रतीपेक्षा ही थोडी ओबडधोबड आहे. असू दे. यात आजी ऐकू येते आणि तीन गावांचे तीन जबाब एकासारखे एक होत नाहीत.

ही प्रत बरोबर आहे हे कसं कळायचं? आम्ही एक सोपी रीत धरली. शब्दन् शब्द प्रतीवर लाल पेन्सिलीने पाच गोष्टींखाली रेघ मारायची: आकडे, माणसं, जागा, सगळे नकार, आणि ‘म्हणे’, ‘असंल’सारखे शब्द. मग एकाने लाल रेघा मोठ्याने वाचायच्या आणि दुसऱ्याने साफ प्रतीत त्या शोधायच्या. सापडली नाही तर थांबायचं आणि का गेली ते बघायचं. खोडलेलं असेल तर ठीक. ज्याने साफ केलं त्यानेच तपासायचं नाही, कारण त्याच्या डोक्यात अर्थ बसलेला असतो, त्याला नसलेलंसुद्धा दिसतं. दोन्ही प्रती एकत्र टाचून समितीकडे ठेवायच्या. दाव्याला साफ प्रत लावायची, कुणी विचारलं तर पहिली दाखवायची.

सगळ्यात शेवटी परत आजीकडं जायचं आणि वाचून दाखवायचं. अंगठा आधी घेऊन ठेवायचा नाही, कितीही लांबचं गाव असलं तरी. आम्ही गेलो तेव्हा आजी शेंगा फोडत होती. वाचून दाखवलं. ‘दोन दोन पायल्या’वर मान हलवली. पलीकडच्या भावापाशी थांबवलं. म्हणाली, ‘मोठा भाऊ म्हणले का म्या? चुलत भाऊ त्यो. समदी मोठाच म्हणायची त्याला.’ मोबाईल ऐकला, तिने मोठाच म्हटलं होतं. मग काय, जबाबात बदलायचं? आम्ही वरचं तसंच ठेवलं आणि खाली वेगळी ओळ लिहिली, ‘वाचून दाखवल्यावर सांगितलं, की तो चुलत भाऊ, सगळे त्याला मोठा म्हणायचे.’ तारीख टाकली. मग सगळे उठून गेल्यावर आमच्यातली एक बहीण मागे राहिली आणि तिने थांबलेल्या ओळीचं विचारलं. आजी बराच वेळ शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, ‘टिंबं राहू दे. पुढच्या बारीला ये, एकलीच ये.’ आणि अंगठा दिला.

(भाषणातून गाळलेले: दोन ठिकाणचे ‘तर मंडळी’, मधे वीज गेली तेव्हाचे बोलणे, आणि एका प्रश्नाला दिलेले चुकीचे उत्तर, जे लगेच सुधारले होते. ‘आम्हाला वाटतं’ सगळीकडे ठेवले आहे.)